हायकूतला शब्द बदलून पाहण्याची पद्धत: काही महिन्यांच्या वापरानंतर

हायकूवर रसग्रहण लिहायला बसलं की दुसऱ्याच परिच्छेदात मजकूर संपतो. ‘कवीने मोजक्या शब्दांत निसर्गाचं सुंदर चित्र उभं केलं आहे’ हे वाक्य लिहून झालं की पुढे एक तर कवीचं चरित्र येतं, नाही तर झेन तत्त्वज्ञान. कविता तीन ओळींचीच राहते आणि लेख तिच्याभोवती फिरत बसतो. यावर गेले काही महिने एकच पद्धत सातत्याने वापरतो आहे. कवितेतला एकेक शब्द काढायचा, त्याच जातीचा दुसरा तिथे ठेवायचा आणि नेमकं काय कोसळलं ते लिहून काढायचं. जपानी, मराठी आणि ऋतूवर न टेकलेल्या अगदी छोट्या कविता, या सगळ्यांवर ती वापरून झाली. कुठे चालते आणि कुठे दगा देते, ते तपशिलात सांगतो.

ही पद्धत नवी नाही, सतराव्या शतकातल्या जपानी कवी बाशोच्या शिष्यांमध्येच ती सापडते. बाशोने 1690 च्या वसंतात ओमी प्रांतात, बिवा सरोवराकाठी, एक कविता लिहिली:

युकु हारु ओ
ओऽमि नो हितो तो
ओशिमिकेरु

शब्दशः सांगायचं तर: सरत्या वसंताची, ओमीच्या माणसांसोबत, हळहळ केली. ओत्सूच्या शोहाकु नावाच्या शिष्याने यावर आक्षेप घेतला. ओमीच्या जागी तांबा प्रांत चालेल, सरत्या वसंताच्या जागी सरतं वर्ष चालेल, मग या शब्दांची गरज काय? बाशोने क्योराई या दुसऱ्या शिष्याला विचारलं, तुझं काय मत? क्योराई म्हणाला की शोहाकुचं म्हणणं बरोबर नाही. सरोवराचं पाणी धूसर झालेलं असताना वसंताची हळहळ वाटणं स्वाभाविक आहे, आणि हे तर प्रत्यक्ष अनुभवातून आलेलं आहे. बाशोने त्यात भर घातली की जुन्या कवींनीही या प्रांतातल्या वसंतावर राजधानी क्योतोच्या वसंताइतकंच प्रेम केलं. तेव्हा क्योराई म्हणाला, सरत्या वर्षी तुम्ही ओमीत असता तर हा भाव आला नसता, आणि सरत्या वसंतात तांबात असता तर तोही सुचला नसता. हा संवाद ‘क्योराइशो’ या क्योराईच्या टिपणांत नोंदलेला आहे.

इथे शोहाकुचा आक्षेप हाच विश्लेषणाचा सगळ्यात उपयोगी भाग ठरतो. त्याने दोन बदल सुचवले नसते तर क्योराईला सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. म्हणून लिहिताना आधी स्वतःच शोहाकु व्हायचं आणि मग क्योराई.

कृती अशी. कोऱ्या कागदावर कविता उभ्या ओळीत मांडायची, एका ओळीत एकच अर्थपूर्ण घटक. वरच्या कवितेत ते सहा निघतात: सरता, वसंत, ओमी, माणसं, सोबत, हळहळ केली. प्रत्येकासमोर दोन पर्याय लिहायचे, तीनाच्या वर नकोत. पर्याय त्याच जातीचा हवा: ऋतूच्या जागी ऋतू, प्रांताच्या जागी प्रांत, नात्याच्या जागी नातं. मग प्रत्येक बदलानंतर काय गेलं हे एका पूर्ण वाक्यात लिहायचं. ‘भाव कमी झाला’ असं चालत नाही. कोणता भाव, कशामुळे, ते आलं पाहिजे.

आता हीच कविता घेऊ. वसंताच्या जागी शरद ठेवला तर हळहळ टिकते, पण पाण्यावरची धूसरता जाते. जपानी परंपरेत ‘कासुमि’ हे धुकट वातावरण वसंताचं आहे, शरदातल्या धुक्याला वेगळा शब्द आणि वेगळं वजन आहे. म्हणजे ‘वसंत’ हा शब्द कवितेत न लिहिलेलं सरोवराचं पाणी दाखवतो. ओमीच्या जागी तांबा ठेवला की ते पाणीच नाहीसं होतं, कारण तांबा हा डोंगराळ प्रांत. ‘सारुमिनो’ या 1691 च्या संग्रहात कवितेआधी ‘सरोवराकडे पाहत वसंताची हळहळ’ अशा अर्थाची छोटी टीप आहे. तिने सरोवराचा उल्लेख बाहेर ठेवला आणि कवितेत प्रांताचं नाव पुरलं. हे लक्षात आलं की ओमीवर पूर्ण परिच्छेद सहज लिहिता येतो. एक भूगोल आहे, एक वातावरण आहे आणि त्या काठावर आधी होऊन गेलेल्या कवींची स्मृती आहे, हे तिन्ही एका स्थलनामात.

मला स्वतःला सगळ्यात फळलेला घटक मात्र ‘तो’ हा अव्यय, म्हणजे ‘सोबत’. एका अक्षराचा शब्द. त्याच्या जागी कर्त्याचा प्रत्यय ठेवला तर अर्थ होतो ‘ओमीच्या माणसांनी हळहळ केली’, आणि कवी पाहुणा होऊन बाजूला उभा राहतो. ‘सोबत’ने तो त्यांच्यात बसतो. जुने कवीही याच प्रांतात हळहळले होते हे बाशोचं वाक्य आठवलं, तर ‘ओमीची माणसं’ फक्त समोर बसलेली उरत नाहीत, गेलेलेही त्यात येतात. हा अर्थ मी लादलेला नाही. बाशोने जुन्या कवींचा उल्लेख केला आहे आणि ‘सोबत’ शब्द त्याला वाट देतो. पुरावा म्हणून दोन्ही गोष्टी लेखात दाखवता येतात.

शेवटचं क्रियापद जरा अवघड आहे. ‘केरि’ हा हायकूतला नेहमीचा तोडणारा, म्हणजे वाक्य तिथेच थांबवणारा शेवट, इथे ‘केरु’ आहे. व्याकरणात हे रूप पुढे येणाऱ्या नामाला लागतं, आणि इथे पुढे नामच नाही, त्यामुळे वाक्य मिटत नाही. ‘केरि’ ठेवून पाहिलं की हळहळ झाली आणि संपली असं वाटतं. पण हे मूळ जपानीतच तपासता येतं. नुसता अनुवाद हाताशी असेल तर या घटकाला हात लावू नये. हा या पद्धतीचा मोठा तोटा आहे: अनुवादावर काम करताना फक्त नामं आणि ठळक क्रियापदं तपासता येतात, प्रत्यय आणि तोडशब्द अनुवादकाचे असतात. मूळ कविता उच्चारानुसार लिहून तिची शब्दशः फोड मिळवल्याशिवाय सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे.

लेखाचा आकारही यातूनच ठरतो. सहापैकी न हलणारे, म्हणजे बदलले की कविता मोडणारे, घटक तीन किंवा चार निघतात. सगळ्यांना सारखी जागा दिली की लेख यादीसारखा होतो, आणि या पद्धतीत सर्वाधिक होणारी चूक हीच आहे. जो घटक काढल्यावर बाकीचे दोन-तीन घटकही अर्थ गमावतात, त्याला सुमारे अर्धा लेख द्यावा. वरच्या कवितेत तो ओमी, कारण वसंत आणि सोबत हे दोन्ही त्याला टेकलेले आहेत. उरलेले घटक त्याच्या अनुषंगाने यावेत. 17 ध्वनींच्या कवितेवर सहाशे ते आठशे शब्द अशा रीतीने पाणी न घालता होतात. त्यापुढे गेलं की चरित्र आत शिरू लागतं.

दुसरी चूक पर्याय निवडताना होते. ओमीच्या जागी सातारा ठेवला तर काहीच कळत नाही. कविता मोडते, पण ती कोणत्याही परक्या नावाने मोडली असती. पर्याय जितका जवळचा, तितकी चाचणी कडक. शोहाकुने तांबाच निवडला, कारण तोही क्योतोच्या शेजारचाच प्रांत आहे. पर्याय सुचत नसेल तर त्या परंपरेची ऋतुशब्दांची सूची, सायजिकी, उघडावी. एकाच ऋतूत शेजारी येणारे शब्द तिथे मिळतात.

तिसरी चूक श्रद्धेतून येते. कवी मोठा असला की प्रत्येक शब्द अढळ वाटू लागतो, आणि मग चाचणी कशालाच नाही म्हणत नाही. यावर उपाय म्हणून अधूनमधून साधारण कविता तपासावी. मराठीत शिरीष पै यांच्यापासून हायकू रुजला आणि आज तो खूप लिहिला जातो, त्यामुळे सरावाला कमतरता नाही. कुणाच्या कवितेवर घाव नको म्हणून चाचणीसाठीच रचलेल्या या ओळी घेऊ:

एसटी निघून गेली
फलाटावर अजून
शेंगांची टरफलं

टरफलांच्या जागी तिकिटं ठेवली तर कविता लगेच मोडते, कारण एसटीचं तिकीट बहुतेकदा गाडीत वाहक देतो आणि ते प्रवाशासोबत जातं. धूळ ठेवली तर ती गाडीने उडवलेली, वाट पाहणाऱ्या माणसाची नव्हे. टरफलांत कुणीतरी बराच वेळ बसून वाट पाहिल्याची खूण आहे, म्हणून ती हलत नाहीत. ‘निघून गेली’च्या जागी ‘आली’ ठेवलं तर टरफलं नुसता कचरा होतात. एसटी मात्र हलते. रेल्वे ठेवली तरी शेंगा, फलाट आणि वाट पाहणं तसंच राहतं, आणि हे लेखात स्पष्ट लिहावं. ‘अजून’चं काय? तो बदलून नाही, काढूनच पाहायचा. काढला तर गाडी आणि टरफलं यांच्यातलं अंतर वाचक स्वतः भरतो. ठेवला तर कवी ते भरून देतो. माझ्या मते तो शब्द नको. एका कवितेबद्दल असा निवाडा कारणासकट देता येणं, हे या पद्धतीचं मला सर्वात जास्त पटलेलं बळ आहे.

आता मर्यादा. ओझाकी होसाई (1885–1926) या जपानी कवीची एक कविता फक्त नऊ ध्वनींची आहे: ‘सेकि ओ शितेमो हितोरि’, म्हणजे ‘खोकलो तरी एकटाच’. इथे 5-7-5 ध्वनींची रचना नाही, कविता ऋतूवर उभी नाही, म्हणून सायजिकीतले पर्याय फारसे उपयोगी पडत नाहीत. तरी चाचणी थोडी चालते. खोकल्याच्या जागी हसणं ठेवलं तर कुणी धावून यायचं कारण उरत नाही. खोकला ऐकून घरातलं माणूस ‘काय झालं’ म्हणून विचारतं, आणि तो प्रश्न इथे आला नाही. ‘मो’, म्हणजे ‘तरी’ किंवा ‘सुद्धा’, काढला तर खोकला आणि एकटेपण या दोन शेजारच्या घटना होतात, अपेक्षा जाते. एवढं झालं की पद्धत संपते, कारण बदलायला तिसरं काही उरलेलं नाही. तीनशे शब्दांच्या आसपास थांबावं लागतं. होसाई आजारी होता आणि शेवटचे महिने शोदो बेटावरच्या छोट्या आश्रमात राहिला, हे इथे लिहायचा मोह फार होतो. ते शेवटी एका वाक्यात यावं, आणि तेही ‘तरी’बद्दलचा मुद्दा त्याशिवाय पूर्ण सिद्ध झाल्यावरच.