कोजागिरीच्या रात्रीचा मित्र आणि फोटोतले दाणे: लाइटरूम मोबाइल सात महिने वापरल्यावर

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा अनुभव अडोबीच्या लाइटरूम मोबाइलमधल्या हाताने सरकवायच्या नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोत दिसणारे दाणे, कमी करणाऱ्या स्लायडरांचा आहे. एका बटणात फोटो साफ करणाऱ्या सोयींबद्दल इथे काही नाही. सात महिन्यांत मत असं झालं की अ‍ॅप चांगलंच आहे, पण निम्मं काम कोणती फाइल हातात आहे यावर ठरतं.

फोनने तयार केलेली जेपेग उघडली तर फारसं काही साधत नाही. फोनने तिच्यातला नॉइज एकदा पुसलेला असतो आणि वर शार्पनिंगही चढवलेलं असतं. उरलेले दाणे मग एकेका पिक्सेलचे राहत नाहीत, चार-पाच पिक्सेल रुंदीचे ठिपके होतात. दाढीचे खुंट आणि हे ठिपके यांतला फरक स्लायडरला कळत नाही, त्यामुळे तो दोन्ही पुसतो. अ‍ॅपच्या कॅमेऱ्यात Professional मोड आणि DNG, म्हणजे फोनने काहीही न पुसलेली कच्ची फाइल, निवडून काढलेला फोटो खूप जास्त दाणेदार दिसतो. तरीही तोच घ्यावा, कारण त्यातले दाणे बारीक आणि सुटे असतात आणि म्हणून निघतात.

याला एक अपवाद आहे. मित्र दोन-तीन सेकंद हलणार नसेल तर फोनचा नाइट मोड सरळ जिंकतो. तो अनेक फ्रेम एकावर एक ठेवून सरासरी काढतो आणि सोळा फ्रेमच्या सरासरीत नॉइज साधारण पावपट उरतो. एका फ्रेमच्या डीएनजीतून स्लायडर सरकवून तेवढं मिळत नाही. पण गप्पा रंगल्यात आणि मित्र हसतोय, तर नाइट मोडमध्ये दातांची दुहेरी रेघ येते. अशा वेळी डीएनजीच.

उदाहरण म्हणून कोजागिरीच्या गच्चीवरचा फोटो घेऊ. डोक्यावर एकच पिवळट एलईडी बल्ब, मित्राच्या हातात मसाला दुधाचा पेला, मागे काळोख. आयएसओ २०००, शटर १/२५. हा शटर मुद्दाम घेतलेला आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. १/२५ सेकंदात असे चार पूर्ण लुकलुकाट बसतात आणि फोटोवर आडवे पट्टे येत नाहीत. १/६० ला ते येऊ शकतात, आणि ते पट्टे नॉइजच्या कुठल्याही स्लायडरने जात नाहीत.

हा फोटो १०० टक्के मोठा करून केसांकडे पाहा. काळ्या केसांत निळे-जांभळे डाग दिसतील. पिवळ्या प्रकाशात निळा भाग मुळातच कमी असतो. व्हाइट बॅलन्स नीट करताना अ‍ॅपला निळा चॅनल ताणून वाढवावा लागतो आणि त्याबरोबर त्यातला नॉइजही वाढतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: फोटो थोडा पिवळा राहू द्या. बल्बाखालचा चेहरा दुपारच्या उन्हासारखा पांढरा करायचा हट्ट सोडला की डाग तिथेच कमी होतात. दुसरा उपायही तसलाच. Shadows वर ओढू नका, उलट Blacks उणे १५ पर्यंत न्या. गच्चीचा कठडा दिसला नाही तर काही बिघडत नाही.

एवढं झाल्यावरच Detail पॅनेल उघडावं. आधी Color Noise Reduction. डीएनजीला हा सुरुवातीलाच २५ वर असतो, या फोटोत तो ४० लागला. केसांतले डाग मोठे, पसरट होते म्हणून त्याखालचा Smoothness ५० वरून ७५ केला. रंगाचा नॉइज निर्धास्तपणे काढता येतो, कारण बारकावे आपल्या डोळ्यांना मुख्यतः उजेड-अंधारातून कळतात, रंगातून कमी. तरी मर्यादा आहेच. ७० च्या पुढे गेलं की ओठांचा रंग कडेच्या त्वचेत पाझरतो, आणि कपाळावर टिकली किंवा गंध असेल तर त्याभोवती लालसर धूसर कडं दिसतं. ते दिसलं की मागे फिरायचं.

सगळ्यात जास्त चूक होते ती Noise Reduction मध्ये. हा उजेड-अंधाराचे दाणे काढतो आणि त्यांच्याबरोबर त्वचेचा पोतही नेतो. फोनच्या छोट्या पडद्यावर ६० सुद्धा छान वाटतं. तोच फोटो लॅपटॉपवर उघडला की मित्र मेणाचा पुतळा झालेला असतो. या फोटोत २८ पुरलं, Detail ५० वर तसाच ठेवून. नजर गालावर ठेवू नका, गाल नेहमीच छान दिसतो. दाढी जिथे विरळ होत गालात मिसळते ती जागा आणि खालच्या पापण्या पाहा. पापण्यांची एकच काळी पट्टी झाली की पाच-सात अंक मागे या. मागच्या काळोखात मग थोडे दाणे उरतात, ते उरू द्यावेत. पैसे भरून मास्किंग घेतलेलं असेल तर पार्श्वभूमीवर ब्रश फिरवून तिथला Noise वेगळा वाढवता येतो, पण एवढ्यासाठी वर्गणी भरावी असं वाटत नाही.

Sharpening डीएनजीला आपोआप ४० वर असतं आणि ते दाण्यांनाही धार लावतं. बरेच जण नॉइज काढत बसतात आणि इकडे लक्षच देत नाहीत, म्हणजे एका हाताने पुसायचं आणि दुसऱ्याने उमटवायचं. आकडा ३० करा, त्याखालचा Detail २५ वरून १० वर आणा आणि Masking ७० पर्यंत न्या. मग धार फक्त डोळे, चष्म्याची कड आणि पेल्याचा काठ अशा ठळक रेषांना लागते, कपाळाला नाही.

शेवटची पायरी उलटी वाटेल: Effects मध्ये जाऊन Grain १२ द्यायचा. हे दाणे संपूर्ण फोटोवर एकसारखे आणि रंगहीन असतात. त्यामुळे गुळगुळीत झालेला गाल आणि अजून खरखरीत असलेला शर्ट एकाच फोटोतले वाटतात.

फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार असेल तर मात्र वरचे आकडे कमी करा. साधारण ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो २००० चा केला की चार पिक्सेलचा एक होतो आणि सुटे दाणे त्या सरासरीतच जवळपास निम्मे होतात. एक्स्पोर्ट करताना लांब बाजू २०४८ ठेवणार असाल तर Noise Reduction १५ पुरतो आणि Grain शून्य ठेवावा, कारण व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबतं तेव्हा बारीक दाण्यांचे चौकोनी ठोकळे होतात. २८ चा आकडा छापायच्या किंवा मोठ्या पडद्यावर पाहायच्या प्रतीसाठी.