आरटीएक्स ३०५० : ४ जीबी की ६ जीबी? वर्षभराच्या वापरानंतर

कमी बजेटच्या गेमिंग लॅपटॉपवर ‘आरटीएक्स ३०५०’ एवढंच लिहिलेलं असतं, पण त्या नावाखाली दोन वेगळी ग्राफिक्स कार्डं विकली जातात. एकात ४ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी असते, दुसऱ्यात ६ जीबी. वर्षभरानंतर हा २ जीबीचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

जुन्या आणि हलक्या गेमसाठी मात्र ४ जीबीचं मशीन बिनधास्त घ्यावं. व्हॅलोरंट १०८० पीवर शंभराच्या वर एफपीएस आरामात देतो आणि पीसीवर २०१५ मध्ये आलेला जीटीए ५ हाय सेटिंगवर साठच्या वरच राहतो. इथे ६ जीबीसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खरा फरक दिसतो तो सायबरपंक २०७७ मध्ये. ४ जीबीवर टेक्स्चर हाय ठेवलं, तर सुरुवातीला सगळं छान चालतं. मग गाडी वेगाने शहराच्या नव्या भागात शिरली की चित्र अडखळतं आणि भिंती-पाट्या काही क्षण धूसर दिसतात. व्हीरॅम भरली की उरलेला डेटा साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून तो कार्डापर्यंत खूप हळू पोहोचतो. लॅपटॉपमध्ये रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल, तर त्रास दुप्पट. दुसरी पट्टी आधी टाका.

उपाय असा: टेक्स्चर मीडियमवर आणा. हा पर्याय गेम चालू असताना बदलत नाही, मुख्य मेनूत जावं लागतं. रे ट्रेसिंग बंद आणि डीएलएसएस ‘Quality’वर ठेवा. ६ जीबीवर टेक्स्चर हायच राहू देता येतं, बाकी सेटिंग जवळपास तीच.

अडखळण्याचं कारण व्हीरॅम की वर्षभरात पंख्यात साचलेली धूळ, हे ओळखायला गेम चालू ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड द्या:

```
nvidia-smi --query-gpu=memory.used,temperature.gpu,clocks.sm --format=csv -l 2
```

मेमरी ४००० एमआयबीच्या आसपास चिकटली आणि क्लॉक स्थिर असेल, तर दोष व्हीरॅमचा. मेमरी मोकळी आहे, पण तापमान चढतंय आणि क्लॉक पडतोय, तर उष्णतेचा. असा लॅपटॉप पहिली दहा-पंधरा मिनिटं नीट चालतो आणि मग एफपीएस सरसकट उतरतो. खालचं झाकण उघडून जाळी साफ केली की बहुतेक वेळा फरक पडतो. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’सारख्या गेमची किमान गरजच ८ जीबीच्या कार्डाची आहे. त्यासाठी लॅपटॉप घेत असाल, तर या दोन्हींपैकी एकही घेऊ नका.

दुकानात टास्क मॅनेजर उघडून ‘Performance’मध्ये जीपीयू निवडा आणि ‘Dedicated GPU memory’ समोरचा आकडा स्वतः वाचा. डब्यावरच्या नावावर जाऊ नका.