मुलाखतीनंतरचं आभारपत्र : आठवण कोणत्या मुद्द्याची काढायची?

समजा, शिरोळ तालुक्यातली एक मुलगी कोल्हापुरात शिष्यवृत्तीची मुलाखत देऊन आली. तिचा विषय पुराची पूर्वसूचना. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कसे उघडतात हे तिनं छान समजावलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एका मॅडमनी विचारलं, "पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पण तिथं पाणी उतरायला लागलं तरी तुमच्या शिरोळकडं ते का तुंबून राहतं?" ती पावसावरच बोलत राहिली. मॅडम म्हणाल्या, "नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही, तेही बघा."

आता पत्रात दरवाजे घ्यायचे की मॅडमनी सांगितलेला कृष्णेचा फुगवटा?

दरवाज्यांचं पत्र असं होईल : "राधानगरीच्या दरवाज्यांबद्दल आपल्याशी सविस्तर बोलता आलं, याचा आनंद वाटला." यात चुकायला जागा नाही, पण सगळं तिचंच आहे. मॅडमनी काय दिलं, ते कुठंच दिसत नाही.

फुगवट्याचं पत्र : "आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. काल आपण वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. नृसिंहवाडीच्या फुगवट्याचा आपला मुद्दा मनात राहिला. शिरोळच्या गावांना इशारा देताना बंधाऱ्याच्या आकड्याबरोबर कृष्णेची पातळीही धरावी लागेल, हे त्यातून लक्षात आलं. माझ्या प्रकल्पात ती नोंद मी घेणार आहे. आपली नम्र,"

मी हेच पाठवायला सांगेन. आभार कशाचे, हे त्यात नेमकं कळतं आणि त्या बोलण्याचं पुढं काय झालं हेही. मात्र ते इथंच थांबलं पाहिजे. "खरं उत्तर असं होतं" म्हणत पुढं दोन परिच्छेद वाढले, की आभार मागं पडतात आणि गुण मागितल्यासारखं वाटतं. अनेक ठिकाणी गुण मुलाखत संपताच भरलेले असतात, त्यामुळं त्या धडपडीतून हाती काही लागत नाही. निकाल कधी, हेही याच पत्रात विचारू नये.

दरवाज्यांचं पत्र एका वेळी मात्र बरं : मॅडमचं म्हणणं नीट आठवत नसेल तेव्हा. त्यांच्या तोंडी न बोललेलं घालण्यापेक्षा आपल्या खात्रीचा मुद्दा घ्यावा. म्हणून बाहेर पडल्या पडल्या, एसटीत बसायच्या आधीच, प्रश्न आणि त्यांचे शब्द कागदावर उतरवून घ्यावेत.

पत्र त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं जावं. मॅडमचा पत्ता दिलेला नसेल तर शिष्यवृत्तीच्या कार्यालयाला पाठवून "कृपया मॅडमपर्यंत पोहोचवावं" अशी विनंती करावी. कुणाकडून तरी नंबर मिळवून व्हॉट्सॲप करू नये. आणि परीक्षकांशी संपर्क नको असं नियमात लिहिलं असेल, तर निकालापर्यंत दोन्ही पत्रं तशीच ठेवावीत.