फक्त जन्मसाल माहीत असेल तर वय कसे धरावे: १ जानेवारी, १ जुलै की ३१ डिसेंबर?

जन्मसाल १९६० आहे, दिवस-महिना माहीत नाही आणि अर्ज १५ मार्च २०२५ रोजी भरला जातो आहे. पूर्ण झालेले वय ६४ किंवा ६५ यांपैकीच एक. कोणते लिहायचे, हे आपण मानलेल्या तारखेवर ठरते.

| मानलेली तारीख | १५ मार्च २०२५ | १५ ऑक्टोबर २०२५ |
|---|---|---|
| १ जानेवारी | ६५ | ६५ |
| १ जुलै | ६४ | ६५ |
| ३१ डिसेंबर | ६४ | ६४ |

१५ मार्च हा वर्षाचा ७४वा दिवस. जन्म वर्षभर सारखे विखुरलेले धरले, तर १९६० साली जन्मलेल्यांपैकी जेमतेम २० टक्क्यांचा वाढदिवस तोवर होऊन गेलेला असतो. म्हणजे त्या दिवशी १ जानेवारीचा नियम पाचातल्या चौघांना एक वर्ष जास्त देतो. ऑक्टोबरात पारडे फिरते आणि ३१ डिसेंबरवाला तितकाच चुकतो. १ जुलै मात्र दोन्ही वेळा बहुसंख्यांच्या बाजूने पडतो, शिवाय त्याची चूक कधी सहा महिन्यांच्या फार पुढे जात नाही. सर्वेक्षणासाठी, सरासरी वय काढण्यासाठी हाच घ्यावा.

पात्रता ठरवायची असेल तर बहुसंख्यांचा हिशेब कामाचा नाही, कारण समोर एकच माणूस असतो. किमान वयाची अट (१८ पूर्ण हवीत) खात्रीने तपासायची तर ३१ डिसेंबर धरा: त्या तारखेनेही १८ भरत असतील तर शंकाच उरत नाही. कमाल वयाची अट (३५ पेक्षा जास्त नको) असेल तर उलट, १ जानेवारी. दोन्हीकडे एकच तारीख चालवली की एका अटीत सवलत मिळते आणि दुसऱ्या अटीत तोच माणूस अडतो.

म्हणून शक्य असेल तिथे तारीख मानूच नये, नुसते साल साठवावे आणि वय दोन्ही टोकांनी काढावे. दोन्ही उत्तरे अटीत बसली तर पात्र, दोन्ही बाहेर तर अपात्र, एक आत एक बाहेर असेल तर कागदपत्र मागावे. अपुरी तारीख लिहिता येते: पासपोर्टवरच्या यंत्राने वाचायच्या ओळीत अज्ञात दिवस-महिन्याच्या जागी `<` भरतात.

फॉर्मचा रकाना पूर्ण तारखेशिवाय पुढे सरकतच नसेल, तर मानलेल्या तारखेशेजारी ‘दिवस-महिना अंदाजे’ अशी खूण ठेवणारा वेगळा रकाना हवाच. तो नसला की १ जानेवारी हळूहळू खरी जन्मतारीख होऊन बसते, पुढच्या अर्जात तशीच उतरते आणि एखादा जुना दाखला सापडला की दोन तारखा जुळत नाहीत. जुन्या नोंदींत हे ओळखणे सोपे आहे. १०,००० नोंदींत कोणत्याही एका तारखेचे साधारण २७ जण असावेत. १ जानेवारीचे ९०० निघाले, तर त्यातले बहुतेक वाढदिवस कारकुनाने किंवा संगणकाने दिलेले आहेत.