जीएमआय ७.१, लॅबचा एचबीए१सी ८.०: डोस ठरवताना कोणाचं ऐकायचं?

मधुमेहात त्वचेवर लावायच्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरच्या अ‍ॅपमध्ये जीएमआय ७.१ टक्के, आणि त्याच आठवड्यात लॅबच्या रिपोर्टवर मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारा एचबीए१सी ८.० टक्के. पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातला चुकीचा कोणता? बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. गोंधळ होतो तो जीएमआयलाही टक्क्याचं चिन्ह असल्यामुळे. ते बघून आपण त्याला घरबसल्या केलेला एचबीए१सी समजतो, आणि तो तसा नसतो.

जीएमआय हा निव्वळ हिशोब आहे. सेन्सरने नोंदवलेली सरासरी साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) घ्यायची, तिला ०.०२३९२ ने गुणायचं आणि ३.३१ मिळवायचे. सरासरी १६० असेल तर उत्तर ७.१ येतं. यात रक्ताचा संबंधच नाही. पुष्कळ लोकांची सरासरी साखर आणि त्यांचा लॅबमधला एचबीए१सी शेजारी मांडून २०१८ साली हे सूत्र काढलं गेलं. ‘एवढी सरासरी असलेल्या माणसांचा एचबीए१सी साधारण एवढा येतो’, इतकंच ते सांगतं. ज्या माहितीवरून सूत्र बसवलं, तिच्यातही चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांत दोन आकड्यांमधला फरक ०.५ किंवा त्याहून अधिक होता.

लॅब मोजते ती खरीखुरी वस्तू: लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढा काळ तिच्यावर साखर चढत राहते. त्यामुळे या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, साखर किती होती आणि पेशी किती दिवस जगली. दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. पेशी लवकर मरत असतील, रक्त चढवलं असेल किंवा मूत्रपिंडाच्या आजारात नव्या लाल पेशी तयार करायला लावणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं चालू असतील, तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा कमी दिसतो. लोह कमी असेल तर उलट होतं. नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात म्हाताऱ्या पेशींची गर्दी वाढते आणि आकडा फुगतो.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. धरून चालू की हे आकडे एका बाईंचे आहेत, त्या ४२ वर्षांच्या आहेत आणि रात्री इन्सुलिन घेतात. ८.० म्हणजे लॅबच्या नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे सरासरी साखर १८३. सेन्सर म्हणतो १६०.

सगळ्यात आधी कालावधी बघायचा. अ‍ॅप बहुधा १४ दिवसांचा जीएमआय दाखवतं, एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा. महिन्यापूर्वी औषध बदललं असेल तर फरक तिथेच उलगडतो. म्हणून अ‍ॅपमध्ये ९० दिवसांची सरासरी काढली. ती आली १६४, म्हणजे जीएमआय ७.२. कालावधीचं कारण बाद.

मग सेन्सरवर संशय. १४ दिवसांपैकी निदान ७० टक्के वेळेची नोंद हवी, ती आहे. कुशीवर झोपून सेन्सर दाबला गेला की रात्री खोटी घसरण दिसते आणि सरासरी खाली येते. तसे खड्डेही आलेखात नाहीत. साखर स्थिर असताना, म्हणजे जेवणाआधी, चार-पाच दिवस बोटातून तपासून पाहिलं. ग्लुकोमीटर कधी थोडा वर, कधी थोडा खाली. सतत २०-२५ ने वर असता तर मी सेन्सरला दोष दिला असता.

उरलं रक्त. हिमोग्लोबिन ९.६, पेशी आकाराने लहान, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन कमी, आणि पाळीत खूप रक्तस्राव. ८.० मधला बराचसा फुगवटा कुठून आला, ते इथे कळतं.

आता डोस. या बाईंची साखर पहाटे तीनला ८०-८५ असते, हे आलेखात दिसतंय. निव्वळ ८.० बघून रात्रीचं इन्सुलिन वाढवलं असतं तर ती ७० च्या खाली गेली असती. अशा वेळी माझं मत सेन्सरच्या बाजूने, आणि त्यातही जीएमआयपेक्षा आलेखाच्या बाजूने.

पण सेन्सर नेहमीच जिंकतो असं नाही. मधुमेह आहे की नाही, हे ठरवायला जीएमआय चालत नाही. सेन्सर अधूनमधूनच लावला असेल तर एचबीए१सीच बरा. ०.२-०.३ च्या फरकावर तर डोकं खपवूच नये. रक्त, मूत्रपिंड सगळं ठीक असूनही काहींचा एचबीए१सी वर्षानुवर्षं अर्ध्या टक्क्याने वर किंवा खाली राहतो. अशांनी दर वेळी एकाच आठवड्यातले दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवावेत. तीन-चार नोंदींत आपला नेहमीचा फरक कळतो, आणि तो अचानक बदलला तर रक्त तपासायचं.

या बाईंना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर भराभर कोवळ्या पेशी येतील आणि एचबीए१सी घसरेल. साखर तेवढीच असली तरीही. त्यामुळे पुढची तपासणी हिमोग्लोबिन स्थिरावून तीन महिने झाल्यावर. तोवर डोस सेन्सरवरच.