पोळ्याच्या हंगामासाठी गूगल ट्रेंड्स आणि सर्च कन्सोल : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अमळनेरला आमचे बैलसाजाचे दुकान आहे. झुली, घुंगरमाळा, गोंडे, म्होरक्या आणि कासरे आम्ही संकेतस्थळावरूनही विकतो. वर्षाची बहुतेक ऑनलाइन विक्री पोळ्याआधीच्या तीन आठवड्यांत होते. २०२४ मध्ये पोळा २ सप्टेंबरला होता आणि मी पानांची शीर्षके त्याच्या केवळ दहा दिवस आधी बदलली. शोधनिकालांत जुनेच शीर्षक दिसत राहिले, आणि नवे दिसू लागले तेव्हा बैलांच्या अंगावरची झूल उतरलेली होती. तेव्हापासून लोकांच्या शोधांचा चढउतार दाखवणारे गूगल ट्रेंड्स आणि आपले संकेतस्थळ कोणत्या शोधांत दिसले ते सांगणारे सर्च कन्सोल ही दोन्ही साधने मी नियमाने वापरत आहे.

ट्रेंड्सने मला आधी चुकीचीच वाट दाखवली. ‘बैल पोळा’ हा शब्द महाराष्ट्रापुरता पाहिला, तर आलेख सणाच्या दिवशीच टोक गाठतो. पण त्याखालचे संबंधित शोध वाचल्यावर लक्षात येते, की त्या दिवशीची माणसे शुभेच्छा, स्टेटस आणि चित्रे शोधत असतात. ज्याला झूल घ्यायची आहे, त्याच्या घरी पार्सल पोळ्याच्या आधी पोहोचायला हवे, म्हणून त्याचा शोध कितीतरी आधी सुरू होतो. ‘घुंगरमाळ’सारख्या शब्दाचा आलेख मात्र ट्रेंड्स पुरेशा माहितीअभावी काढतच नाही. शिवाय त्यातले आकडे प्रत्यक्ष शोधसंख्या नसून, निवडलेल्या काळातील सर्वोच्च मागणीला शंभर धरून काढलेले प्रमाण असते. त्यामुळे खरेदीदाराचा काळ ओळखण्यासाठी मला सर्च कन्सोलकडे वळावे लागले. तेथे शोधशब्दांच्या गाळणीत रेगेक्स, म्हणजे एकाच वेळी अनेक शब्द जुळवणारा नमुना, निवडून मी हे टाकले :

```
साज|झूल|घुंगर|saj|jhul
```

रोमन लिपीतले शब्द वगळू नयेत, कारण मोबाइलवर निम्मा गाव तसेच टंकतो. तारीखवार इम्प्रेशन्स, म्हणजे आमची पाने निकालांत किती वेळा दिसली ते आकडे, उतरवून घेऊन मी एक रकाना वाढवला, ज्यात E1 मध्ये पोळ्याची तारीख आणि A रकान्यात प्रत्येक दिवसाची तारीख आहे :

```
=$E$1-A2
```

हा ‘पोळ्याला उरलेले दिवस’ दाखवणारा रकाना मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा वाटतो. २०२४ ची आमची मागणी पोळ्याच्या चोवीस दिवस आधी, म्हणजे ९ ऑगस्टला चढू लागली होती, साधारण दहा दिवस आधी ती टोकाला गेली आणि सणाच्या दिवशी जवळजवळ संपली होती. २०२५ चा पोळा २२ ऑगस्टला आला. मागील वर्षाचीच तारीख धरून ९ ऑगस्टची वाट पाहिली असती, तर हाती तेराच दिवस उरले असते. तिथीप्रमाणे मोजल्यावर चढ २९ जुलैला येत होता. गूगलने पान पुन्हा वाचून नवे शीर्षक दाखवायला लागणारा वेळ निश्चित नसतो, म्हणून आणखी तीन आठवडे मागे जाऊन मी ८ जुलै ठरवली.

त्या दिवशी झुलीच्या पानाचे ‘बैलसाज व झुली’ हे शीर्षक काढून ‘पोळ्यासाठी बैलांची झूल : मापे, रंग आणि किंमत’ असे केले आणि सर्च कन्सोलमधून पान पुन्हा तपासण्याची विनंती नोंदवली. पानाचा पत्ता बदलला नाही. आठ दिवसांनी पाहिले, तर निकालात आमच्या शीर्षकाऐवजी पानावरचा जुना मोठा मथळाच उचलला गेला होता. मथळा आणि शीर्षक एकाच अर्थाचे केल्यावर १९ जुलैपासून नवे शीर्षक दिसू लागले. चढ सुरू व्हायला तेव्हा दहा दिवस शिल्लक होते. एवढी सवड नसती, तर ही चूक ऐन गर्दीत कळली असती. गोंड्यांच्या पानाचे शीर्षक मी मुद्दाम तसेच ठेवले होते. त्याच काळात झुलीच्या पानावर इम्प्रेशन्सच्या तुलनेत क्लिक वाढले आणि गोंड्यांच्या पानावर ते प्रमाण जवळपास पूर्वीइतकेच राहिले. दोन पानांवरून ठाम निष्कर्ष काढणे योग्य नाही, हे मला मान्य आहे.

आणखी एक अडचण सांगायला हवी. राज्याच्या आलेखात आषाढात एक लहान उंचवटा येतो, तो आपल्याकडचा नसून कोल्हापूर-सांगलीकडच्या बेंदराचा असतो, आणि पुण्याच्या बाजूला काही ठिकाणी भाद्रपदातही पोळा होतो. ट्रेंड्समध्ये खानदेशाचा वेगळा आलेख मिळत नाही. म्हणून आषाढातला चढ पाहून मागणी सुरू झाली, असे समजू नये.

सर्च कन्सोल सोळाच महिन्यांची माहिती राखते, त्यामुळे २०२४ च्या पोळ्याचे आकडे जानेवारी २०२६ पर्यंत नाहीसे होतील. मी ते उतरवून ठेवले आहेत. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो, तेव्हा पुढच्या वेळी शीर्षके जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बदलणार आहे, आणि त्या वेळी गोंड्यांचे पानही त्यात असेल.