वर्षअखेरीची मेल: सगळ्यांना एकच कार्ड की प्रत्येकाला चार ओळी?

वाळूज एमआयडीसीत पॅकिंगचे खोके पुरवणारा एक मित्र याच पेचात आहे. ग्राहक कंपन्या साठेक.

कार्ड अर्ध्या तासात सगळ्यांना जातं. पण बऱ्याच ऑफिसांत आउटलुक बाहेरची चित्रं आपोआप उघडत नाही. शुभेच्छा चित्रातच असतील तर परचेसवाल्याला रिकामी चौकट दिसते. पत्ते बीसीसीत टाकायचे राहिले, तर तुमची ग्राहकयादीच सगळ्यांसमोर जाते.

वेगळ्या मेलींना दोन-तीन संध्याकाळी लागतात, पण उत्तर येतं ते यांनाच. कारण त्यात घडलेलं काही असतं: "देशमुख साहेब, जुलैच्या पावसात आमची गाडी उशिरा पोचली, तरी तुमच्या स्टोअरच्या लोकांनी थांबून माल उतरवून घेतला. मनापासून आभार. नवीन वर्षाच्या शुभेच्छा." इथेच थांबायचं. खाली दरपत्रक किंवा "ऑर्डरची वाट पाहतो" जोडलं, की वरचे आभार त्यासाठीच होते असं वाटतं. थकलेल्या बिलाची आठवणही या मेलीत नको, ती दुसऱ्या मेलीत.

दरमहा फोनवर बोलणं होतं अशा पंधरा-वीस जणांना वेगळी मेल लिहावी. वर्षातून एखादीच ऑर्डर देणाऱ्यांना चित्राशिवाय, साध्या मजकुरातली एकच मेल पुरते. दोन्ही डिसेंबरातच पाठवा. मार्चअखेर अकाउंट्सवाले हिशेबात बुडालेले असतात.